दीर पोर्टलंडला चाललेत, निकॉनची 70-300 लेन्स मागवायचीय. मेसेज बरोबर आहे का बघा

मुठाकाठची | 14 ऑक्टोबर 2019, रात्री 9:40

नमस्कार मंडळी, माझे धाकटे दीर दिवाळी झाली की ऑफिसच्या कामाने अमेरिकेला चाललेत, ऑरेगॉनमध्ये पोर्टलंडला, आणि नोव्हेंबरच्या मध्यात परत येणार. माझ्याकडे निकॉन डी5300 आहे, सोबत आलेली 18-55 लेन्स आहे, आणि आता थंडीत कवडीपाटला चक्रवाक यायला लागतील तर 55 मध्ये पक्षी म्हणजे पाण्यावरचा ठिपका दिसतो फक्त, म्हणून 70-300 घ्यायची ठरवलीय. भाऊजी स्वतः फोटोग्राफीतले अजिबात नाहीत, फोन सोडला तर त्यांनी कधी कॅमेरा धरलेला नाही, पण माणूस एकदम नेमका, सांगितलं ते शंभर टक्के आणतात. म्हणजे चूक झाली तर ती माझ्या सांगण्यातच होणार. मेसेज असा लिहिलाय, अजून पाठवला नाहीये:

"भाऊजी, तिकडून माझ्यासाठी निकॉनची 70-300 लेन्स आणाल का? नवीन हवी. 300 ते 400 डॉलरपर्यंत मिळते असं वाचलंय. पैसे लगेच पाठवते."

एवढं पुरेल का, की अजून काही लिहू? कुणी असं बाहेरून मागवलं असेल तर सांगा.

---

जुना_एफमाउंट | 14 ऑक्टोबर, रात्री 10:15

ताई, पाठवू नका अजून. "निकॉनची 70-300" या नावाने दुकानात गेलं तर निदान पाच वेगवेगळ्या लेन्स समोर येतील आणि त्यातली एक तुमच्या उपयोगाची नाही, एक चालेल पण जुनी आणि जड, एक चालेल पण पस्तावाल, एक चांगली पण महाग आणि जड, आणि एकच नेमकी तुम्हाला हवी ती.

सविस्तर लिहितो. सगळ्यात स्वस्त मिळते ती जुनी एएफ 70-300 जी, तिच्यात फोकसची मोटर नाही. ती मोटर बॉडीत लागते आणि डी5300 च्या बॉडीत ती नाहीये. म्हणजे लेन्स बसेल, फोटोही निघेल, पण फोकस हाताने रिंग फिरवून करावा लागेल, उडत्या पक्ष्यावर ते जमणं अवघड. दुसरी एएफ-एस 70-300 व्हीआर, 2006 सालची, दणकट, पाऊण किलोच्या आसपास वजन. ती तुमच्याकडे व्यवस्थित चालेल. मग 2016 मध्ये निकॉनने एकाच वेळी दोन हलक्या लेन्स काढल्या, दोन्हींचं नाव एएफ-पी डीएक्स 70-300, दोन्ही दिसायला जुळ्या, फरक फक्त एकीच्या नावात शेवटी व्हीआर आहे, म्हणजे हाताचा कंप सावरायची सोय. आणि 2017 मध्ये फुल फ्रेमसाठी एएफ-पी 70-300 ई आली, 680 ग्रॅमची, तिला व्हीआर आहे पण किंमत बरीच जास्त.

तुम्हाला हवी ती म्हणजे AF-P DX NIKKOR 70-300mm f/4.5-6.3G ED VR. 415 ग्रॅम. कवडीपाटच्या बंधाऱ्यावर दोन तास गळ्यात अडकवून उभं राहायचं तर हे वजन फार महत्त्वाचं आहे.

भाऊजी नेमके आहेत म्हणता ना, मग त्यांना नेमकं नाव द्या. अख्खं. कॉपी-पेस्ट.

---

सह्याद्री_क्लिक | 14 ऑक्टोबर, रात्री 10:32

एवढं घाबरवू नका हो त्यांना 🙂 निकॉनचा एफ माउंट 1959 पासून एकच आहे, कुठलीही घ्या, बसते. माझ्याकडे काकांची जुनी लेन्स आहे ती पण बसते. व्हीआर म्हणाल तर पक्षी उडताना शटर तसाही हजाराच्या वर ठेवावा लागतो, तिथे व्हीआर काय करणार? बिनव्हीआरची घ्या, पैसे वाचवा.

---

जुना_एफमाउंट | 14 ऑक्टोबर, रात्री 11:05

बसणं आणि चालणं यात फरक आहे राव. माउंट 1959 चाच, मान्य, पण एएफ-पी लेन्समध्ये स्टेपिंग मोटर आहे आणि तिच्याशी बोलायला बॉडीत तसं सॉफ्टवेअर लागतं. डी90, डी7000, डी5100, डी3200, या बॉडींवर एएफ-पी लेन्स बसते पण फोकसच होत नाही. हाताने पण होत नाही, कारण फोकसची रिंग थेट काचेला जोडलेली नाही, ती फक्त मोटरला सिग्नल देते. डी5300 वर चालते, त्याबद्दल एक अट आहे ती खाली लिहितो.

व्हीआरबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. उडत्या टर्नवर हजारचा शटर असेल तर व्हीआरने फोटोत फार फरक पडत नाही. पण ताई सकाळी कवडीपाटला जाणार, धुकं, सूर्य नीट वर आलेला नाही, आणि चक्रवाक पाण्यात शांत उभा. तिथे 300 वर या लेन्सचं ॲपर्चर 6.3 च्या पुढे उघडत नाही. डीएक्स सेन्सरमुळे 300 चं 450 इतकं जवळ दिसतं आणि हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो, म्हणजे बिनव्हीआर हातात धरून निदान 1/500 तरी हवा. त्या उजेडात 1/500 ठेवला तर आयएसओ 3200 च्या वर जातो आणि पिसांवरचा तपशील जातो. व्हीआर असेल तर स्थिर पक्ष्यावर 1/125 ला आरामात येतो, म्हणजे दोन स्टॉप, तोच फोटो आयएसओ 800 ला. शिवाय व्ह्यूफाइंडरमधलं चित्र थांबतं, त्यामुळे फोकसचा बिंदू डोळ्यावर ठेवता येतो. ट्रायपॉड न नेणाऱ्यासाठी हे पैसे वाया जात नाहीत.

---

भिगवण_वारी | 15 ऑक्टोबर, सकाळी 7:20

मी यात आपलं एक जोडतो. माझा पुतण्या न्यू जर्सीहून येताना हीच घेऊन आला होता म्हणजे मला हीच हवी होती पण आली बिनव्हीआरची. त्याने एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतली, यादीत "निकॉन 70-300 एएफ-पी, नवीन" असं लिहिलेलं, किंमत बघून त्याला वाटलं मस्त डील. पांढऱ्या खोक्यात आली, निकॉनचा पिवळा बॉक्सच नाही. परत पाठवायचं म्हटलं तर तोपर्यंत तो विमानात बसलेला. मग मीच ती वापरतो, भिगवणला दुपारच्या उन्हात रोहित पक्षी छान येतात, तक्रार नाही, पण सकाळी सातच्या आधी नुसता त्रास.

---

जुना_एफमाउंट | 15 ऑक्टोबर, सकाळी 8:02

भिगवण_वारी, हेच कारण आहे अमेरिकेतून मागवताना जास्त जपायचं. तिथे डी3400 आणि डी3500 चे दोन लेन्सचे किट विकले जातात आणि त्यात ही बिनव्हीआरची 70-300 असते. बरेच विक्रेते किट फोडून बॉडी वेगळी, लेन्स वेगळी विकतात, म्हणून पांढरं खोकं. लेन्स खोटी नसते, नवीच असते, पण बाजारात तीच ढिगाने आहे म्हणून शोधलं की पहिल्यांदा तीच वर येते आणि स्वस्तही दिसते. व्हीआरवालीची छापील किंमत 399.95 डॉलर होती आणि बिनव्हीआरची 349.95, म्हणजे खरा फरक पन्नास डॉलरचाच. कुठे "नवीन" म्हणून निम्म्या किमतीत दिसली तर समजायचं ती किटमधली.

म्हणून मेसेजमध्ये "300 ते 400 डॉलर" असं लिहू नका ताई. नेमका आणि हिशोबी माणूस असेल तर तो 300 वाली शोधणार, कारण तुम्हीच परवानगी दिलीत.

---

मुठाकाठची | 15 ऑक्टोबर, दुपारी 1:10

बापरे, बरं झालं विचारलं. जुना_एफमाउंट, फार आभार. दोन प्रश्न. एक, भाऊजी दुकानात उभे असताना लेन्स हातात घेऊन कसं ओळखतील? त्यांना एवढे मोठे नाव वाचून कळणार नाही, कुठे काय बघायचं ते सांगावं लागेल. दोन, कस्टमचं काय?

आणि तुम्ही म्हणालात डी5300 ला एक अट आहे, ती काय?

---

पिंपळपान | 15 ऑक्टोबर, दुपारी 1:45

ओळखायला सोपं आहे, लेन्सच्या पुढच्या बाजूला फिल्टरचा व्यास लिहिलेला असतो, एक गोल आणि त्यावर काट मारलेली खूण आणि पुढे आकडा. या लेन्सला 58. जुन्या एएफ-एसला 67. फक्त 58 आहे का बघायला सांगा, काम झालं.

---

जुना_एफमाउंट | 15 ऑक्टोबर, दुपारी 2:30

58 ने एएफ-एस आणि फुल फ्रेमवाली बाजूला पडतील, दोन्हींना 67 आहे. पण बिनव्हीआरच्या जुळ्या बहिणीला पण 58 च आहे! वजनात पंधरा ग्रॅमचा फरक, हूडही दोघींना तेच एचबी-77, आणि दोघींच्या अंगावर एकही बटण नाही. जुन्या लेन्सवर व्हीआर चालू-बंद करायचं बटण असायचं, या लेन्सवर ते काढून टाकलंय, सगळं कॅमेऱ्याच्या मेन्यूत गेलंय. म्हणजे बटण शोधून पण उपयोग नाही. ओळखायची एकच खूण, लेन्सच्या अंगावर VR ही दोन अक्षरं छापलेली आहेत की नाही.

आणि अजून एक, बॉक्सवर आणि वेबसाइटवर f/4.5-6.3 असं लिहितात पण लेन्सच्या अंगावर 1:4.5-6.3 असं असतं. फोटोवाल्याला माहीत असतं, पण भाऊजींसारख्या नेमक्या माणसाला ते वेगळं मॉडेल वाटेल आणि ते लेन्स ठेवून परत येतील. आधीच सांगून ठेवा.

तिसरी गोष्ट म्हणजे कॅमेऱ्याला न लावता फोकस रिंग फिरवली तर ती नुसती गोल गोल फिरत राहते, कुठे अडत नाही, आत काही हलत नाही. त्यांना वाटेल बिघडलेली आहे. बिघडलेली नाही, एएफ-पी तशीच असते. झूमची रिंग मात्र 70 आणि 300 ला अडली पाहिजे आणि लेन्स पुढे लांब झाली पाहिजे.

आता डी5300 ची अट. ही बॉडी 2013 ची, एएफ-पी त्यानंतर आली, म्हणून बॉडीचं फर्मवेअर नवीन हवं. निकॉनच्या साइटवरून फाइल उतरवून एसडी कार्डवर टाकायची, कार्ड कॅमेऱ्यात, बॅटरी पूर्ण भरलेली, सेटअप मेन्यूत "Firmware version" मध्ये जाऊन अपडेट. मध्ये कॅमेरा बंद करायचा नाही. अपडेट झालं की मेन्यूत "Optical VR" असा नवा पर्याय दिसतो. तो दिसला की समजा बॉडी तयार. हे भाऊजी निघायच्या आधीच करा, म्हणजे अडचण आली तर वेळ आहे.

---

डी90_अजून_जिवंत | 15 ऑक्टोबर, दुपारी 3:15

अरे वा, मी पण माझ्या मावसबहिणीला सांगतो मग, ती बॉस्टनहून डिसेंबरमध्ये येतेय. 415 ग्रॅम म्हणजे स्वर्गच. डी90 आहे माझा, फर्मवेअर त्याचं पण अपडेट करून घेतो. कुठली फाइल घ्यायची?

---

जुना_एफमाउंट | 15 ऑक्टोबर, दुपारी 3:40

डी90 ला नका घेऊ!! वर लिहिलंय तसं, डी90 वर एएफ-पी चालत नाही आणि त्यासाठी कुठलंही फर्मवेअर नाही. तुम्हाला एएफ-एस 70-300 व्हीआर, जी-आयएफ-ईडी वाली. जड आहे पण डी90 वर मस्त चालते, आणि ती पुण्यामुंबईत सेकंडहँड भरपूर मिळते, बॉस्टनहून आणायची गरज नाही. घेताना काचेतून उजेडाकडे बघा, आपल्याकडच्या दमट हवेत आत बुरशीचे जाळे झालेले असते.

---

डी90_अजून_जिवंत | 15 ऑक्टोबर, दुपारी 3:52

वाचलो. मावसबहिणीला चॉकलेटच आणायला सांगतो.

---

कोथरूडचा_सीए | 15 ऑक्टोबर, संध्याकाळी 6:20

कस्टमचं मी सांगतो. 2016 च्या बॅगेज नियमांप्रमाणे अमेरिकेहून येणाऱ्या भारतीय प्रवाशाला 50,000 रुपयांपर्यंतचं सामान ड्युटीशिवाय आणता येतं. 400 डॉलर म्हणजे आजच्या भावाने 28-29 हजार. एकट्या लेन्सचा प्रश्नच नाही, बिल जवळ ठेवायचं आणि ग्रीन चॅनलने बाहेर. पण प्रश्न असा विचारा की भाऊजी अजून कुणाकुणाचं काय आणतायत? ही 50 हजारांची मर्यादा सगळ्या सामानाची मिळून आहे, वस्तूमागे नाही.

समजा घरातल्याच कुणी नवीन आयफोन 11 मागवलाय. 699 डॉलर, म्हणजे साधारण 49,500. त्यात तुमची लेन्स 28,000. एकूण 77,500. मर्यादेच्या वर 27,500. त्यावर 35 टक्के ड्युटी आणि ड्युटीवर 10 टक्के अधिभार, म्हणजे एकूण 38.5 टक्के, म्हणजे साधारण 10,600 रुपये, आणि रेड चॅनलला जाऊन भरायचे. आता हे 10,600 कुणी द्यायचे, फोनवाल्याने की लेन्सवालीने? हे आधी बोलून घेतलेलं बरं, नंतर भाऊजींच्या खिशातून जातात आणि ते कुणाला काही बोलत नाहीत.

अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप वेगळा सूट आहे, तो यात धरायचा नाही. नवरा-बायको एकत्र येत असले तरी दोघांच्या मर्यादा एका वस्तूसाठी जोडता येत नाहीत.

---

सह्याद्री_क्लिक | 15 ऑक्टोबर, संध्याकाळी 6:48

बॉक्स तिकडेच टाकून द्यायचा आणि लेन्स कॅमेऱ्याला लावून आणायची, वापरलेली म्हणून सांगायचं. सगळे असंच करतात. आणि एअरपोर्टवर टॅक्स रिफंड घ्यायला विसरू नका, माझ्या मित्राला दुबईत मिळाला होता.

---

कोथरूडचा_सीए | 15 ऑक्टोबर, संध्याकाळी 7:05

28 हजारांची वस्तू मर्यादेत बसतेय, खोटं सांगायची गरजच नाही. आणि बॉक्स टाकला तर उद्या लेन्स विकताना गिऱ्हाईक आधी बॉक्सच मागतं.

रिफंड दुबईला मिळतो, युरोपात मिळतो, जपानमध्ये दुकानातच पासपोर्ट दाखवून टॅक्स वजा होतो. अमेरिकेत तसा देशभराचा रिफंड नाही, कारण तिथला सेल्स टॅक्स राज्यांचा असतो. पण ताईंचं नशीब चांगलं, ऑरेगॉनमध्ये सेल्स टॅक्सच नाही. पाटीवर 399.95 तर द्यायचे 399.95. न्यू जर्सीत त्यावर 6.625 टक्के लागले असते. फक्त भाऊजी कुठे नदी ओलांडून व्हँकुव्हरच्या मॉलमध्ये गेले तर ते वॉशिंग्टन राज्य, तिथे टॅक्स लागेल. पोर्टलंडमध्येच घ्यायला सांगा.

---

रानवाटा_कर्नाळा | 15 ऑक्टोबर, रात्री 9:30

वेगळा विचार सांगतो. एवढी मेहनत करून मागवताय तर फुल फ्रेमवाली एएफ-पी 70-300 ई का नाही? 300 वर 5.6 उघडते, बांधणी भक्कम, अंगावर बटणं आहेत, आणि उद्या डी750 घेतला तर तीच चालेल. डीएक्सची लेन्स फुल फ्रेमवर लावली की चित्र कापलं जातं. मी कर्नाळ्याच्या जंगलात वापरतो, फोकस खूप जलद.

---

जुना_एफमाउंट | 15 ऑक्टोबर, रात्री 10:10

लेन्स उत्तमच आहे, त्यात वाद नाही. 6.3 आणि 5.6 मध्ये फरक एक तृतीयांश स्टॉपचा, त्यासाठी 265 ग्रॅम जास्त आणि दोनशेच्या वर डॉलर जास्त. फुल फ्रेमला नक्की जाणार असतील तर घ्यावी. डी5300 वरच राहणार असतील तर मी डीएक्सवालीच घेईन. हा ज्याचा त्याचा प्रश्न.

---

रानवाटा_कर्नाळा | 15 ऑक्टोबर, रात्री 10:25

नुसता एक तृतीयांश स्टॉप नाही हो, कडेची शार्पनेस पण बघा. मला नाही पटत.

---

आजोळ_वाई | 15 ऑक्टोबर, रात्री 10:50

नमस्कार. मी या विषयात नवीन आहे. लेन्सऐवजी निकॉनचा पी900 आणला तर? त्याच्या जाहिरातीत चंद्र दिसतो. माझ्या नातीला आकाशातलं बघायची आवड आहे.

---

जुना_एफमाउंट | 15 ऑक्टोबर, रात्री 11:02

आजोबा, चंद्रासाठी आणि नातीसाठी पी900 छानच. 83 पट झूम, लेन्स बदलायची भानगड नाही. पण त्याचा सेन्सर फार लहान, पहाटेच्या उजेडात पक्ष्याच्या पिसांचा चिखल होतो, म्हणून ताईंना तो नको. तुम्ही वेगळा धागा काढा, मी लिहितो तिथे.

---

मुठाकाठची | 16 ऑक्टोबर, दुपारी 12:20

सगळ्यांचं वाचलं. फुल फ्रेमला मी जाणार नाही, मला हलकी लेन्सच हवी, तर डीएक्स व्हीआर नक्की. काल रात्री फर्मवेअर टाकलं, "Optical VR" दिसतंय 🙂. घरात विचारलं तर चुलत सासूबाईंनी खरंच आयफोन सांगितलाय, त्यांच्याशी बोलणं झालं, ड्युटी लागली तर दोघींनी आपापल्या किमतीच्या प्रमाणात भरायची ठरली. मेसेज असा केलाय, आता बघा:

"भाऊजी, तिकडून माझ्या कॅमेऱ्यासाठी एक लेन्स आणाल का? नाव पूर्ण असंच हवं:
AF-P DX NIKKOR 70-300mm f/4.5-6.3G ED VR
शेवटचे VR फार महत्त्वाचे. हुबेहूब अशीच VR नसलेली लेन्स पण मिळते, ती नको, कितीही स्वस्त असली तरी. लेन्सच्या अंगावर VR छापलेलं डोळ्यांनी बघूनच घ्या. अंगावर f/ च्या जागी 1:4.5-6.3 असं असेल, ते बरोबर आहे. पुढच्या कडेला 58 असेल. नवीन, निकॉनच्या पिवळ्या बॉक्समध्येच, पांढऱ्या खोक्यातली नको. 400 डॉलर द्यायचे, त्यापेक्षा खूप कमीत मिळत असेल तर घ्यायच्या आधी मला फोटो पाठवा. फोकसची रिंग नुसती फिरत राहील, ती बिघडलेली नाही. पोर्टलंडमध्येच घ्या. बिल पासपोर्टसोबत ठेवा आणि लेन्स हातातल्या बॅगेत. नाही मिळाली तर दुसरी कुठलीही आणू नका, रागावणार नाही. तुमचं काम आधी."

---

जुना_एफमाउंट | 16 ऑक्टोबर, दुपारी 1:00

उत्तम. "दुसरी कुठलीही आणू नका" हे वाक्य सगळ्यात कामाचं आहे, कारण दुकानदार नेहमी म्हणतो ती नाही पण ही तिच्यासारखीच आहे, आणि परक्या गावात वेळ नसलेला माणूस हो म्हणतो.

दोनच सूचना. बॉक्सवरच्या नावाचा आणि लेन्सच्या अंगाचा असे दोन फोटो पैसे द्यायच्या आधी पाठवायला सांगा, स्वस्त असो नसो. तिकडे दिवस असताना तुमच्याकडे रात्र असेल, पण पोर्टलंडच्या संध्याकाळी सहा म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात, म्हणजे संध्याकाळीच दुकानात गेले तर तुम्ही जाग्या असाल. (3 नोव्हेंबरपूर्वीची नाही, त्यानंतरची वेळ सांगतोय, तेव्हा तिकडे घड्याळ एक तास मागे जातं.) आणि पहिल्याच आठवड्यात घ्यायला सांगा, म्हणजे चुकलं तर बदलायला दिवस राहतात. भिगवण_वारींच्या पुतण्याचं तेच झालं.

हूड बॉक्समध्ये येत नाही, एचबी-77 वेगळं. ते इथे मिळतं, त्यांना त्रास देऊ नका.

---

पिंपळपान | 16 ऑक्टोबर, दुपारी 1:30

कॅमेराच देऊन टाका ना त्यांच्यासोबत, दुकानात लावून बघतील.

---

कोथरूडचा_सीए | 16 ऑक्टोबर, दुपारी 2:15

मग जाताना एअरपोर्टवर कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, बॉडीच्या नंबरसकट. नाहीतर येताना हा कॅमेरा इथलाच आहे हे सिद्ध कसं करणार.

---

भिगवण_वारी | 16 ऑक्टोबर, दुपारी 2:40

सहा वर्षं जुन्या डी5300 ला कोण विचारतं हो. मी दरवर्षी मुलाकडे नेतो, कधी कुणी थांबवलं नाही.

---

कोथरूडचा_सीए | 16 ऑक्टोबर, दुपारी 2:55

विचारत नाहीत तोवर ठीक. नव्या लेन्ससोबत असेल तेव्हा विचारतील. माझं मत कागद असावा.

---

मुठाकाठची | 16 ऑक्टोबर, दुपारी 4:05

कॅमेरा नाही देत, कॅमेरा घरीच राहील, दिवाळीला लागतोच. त्या दुकानात डी5600 किंवा डी3500 मांडलेला असेलच, त्यावर लावून दाखवा म्हणून सांगायला सांगते. मेसेज पाठवला. भाऊजींचं उत्तर आलं, "वहिनी, VR. समजलं."

---

मुठाकाठची | 19 नोव्हेंबर 2019, रात्री 8:30

आली!! आणि बरोबर तीच आली. दुकानदाराने आधी बिनव्हीआरचीच काढून ठेवली होती, भाऊजींनी अंगावर दोन अक्षरं शोधली, नाही दिसली, तर नको म्हणाले. मग त्याने दुसऱ्या दिवशी मागवून दिली. मला फोटो पाठवला तेव्हा 1: बघून त्यांनी खाली लिहिलं होतं "हे तुम्ही सांगितलं होतं". बिल 399.95 चंच आहे. कस्टमला फोन आणि लेन्स दोन्ही दाखवले, ड्युटी भरली, पावती आणलीय आणि ठरल्याप्रमाणे आम्ही दोघींनी आपापला वाटा त्यांना दिला.

आल्या आल्या लावून बघितली, 300 ला शटर अर्धा दाबला की व्ह्यूफाइंडरमधलं चित्र खरंच थांबतं. रविवारी कवडीपाटला गेले, पावणेसात वाजता, चक्रवाकाची जोडी बंधाऱ्यापाशी होती, 1/160, आयएसओ 1000, डोळा स्पष्ट आलाय. धुक्यात लांबच्या पक्ष्यावर फोकस मागेपुढे शोधत राहतो पण, ते काय करावं? मधला एकच बिंदू ठेवते मी.

---

जुना_एफमाउंट | 19 नोव्हेंबर, रात्री 9:10

अभिनंदन! मधलाच बिंदू बरोबर आहे, डी5300 चा तोच सगळ्यात भरवशाचा. पक्ष्याच्या अंगापेक्षा कडेवर धरा, चोच आणि पाणी जिथे भेटतात तिथे, धुक्यात सपाट रंगावर फोकसला काही सापडत नाही. तरी अंधारात 6.3 ची मर्यादा राहणारच, अर्धा तास थांबणं हाच उपाय.

भाऊजींना माझा नमस्कार सांगा. पुढच्या वेळी कुठे जाणार आहेत ते पण विचारून ठेवा.

---

रानवाटा_कर्नाळा | 19 नोव्हेंबर, रात्री 9:25

छान झालं. 5.6 वाली असती तर धुक्यात थोडा कमी शोधला असता, मी अजून त्याच मतावर आहे.

---

नवीन_डी3300 | 19 नोव्हेंबर, रात्री 10:40

धागा वाचला, फार उपयोगी. माझी बहीण सिंगापूरला चाललीय जानेवारीत. डी3300 ला पण आधी फर्मवेअर लागेल का, आणि तिकडून आणलेल्या लेन्सची वॉरंटी इथल्या सर्व्हिस सेंटरला चालते का कुणी करून बघितलंय?

---

जुना_एफमाउंट | 19 नोव्हेंबर, रात्री 11:00

डी3300 ला फर्मवेअर लागेल, तसंच करायचं. वॉरंटीचं मी माझ्या अनुभवाने सांगणार नाही कारण माझ्या सगळ्या लेन्स इथेच घेतल्यात. घ्यायच्या आधी सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा, कुठल्या देशाचं वॉरंटी कार्ड ते सांगा. ज्यांनी बाहेरून आणलेली लेन्स इथे दुरुस्तीला दिलीय त्यांनी लिहा कृपया.